‘तुमचं शिक्षण या पदासाठी जास्त आहे’ : खरं कारण कोणतं आणि सबब कोणती?

सोलापुरात एखाद्या सामाजिक संस्थेने बारावी पास पात्रतेचे पद जाहीर केले की अर्जांच्या गठ्ठ्यात एम.ए., एमएसडब्ल्यू, बी.एड., कधी नेट-सेट झालेल्यांचेही अर्ज निघतात. त्यांत आपल्या समाजातील तरुण-तरुणींची संख्या मोठी असते. पहिल्या पिढीत शिकलेली, घरची परिस्थिती बेताची, प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रखडलेली आणि स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा जवळ येत चाललेली, अशी ही मंडळी असतात. मिळेल ते काम घ्यायची त्यांची तयारी असते. मुलाखतीत मात्र त्यांना एकच वाक्य ऐकायला मिळते, “तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात.” आणि विषय तिथेच संपतो.

हे वाक्य कधी खरे असते, कधी निव्वळ सबब असते. दोन्हींत फरक कसा करायचा, हे अर्जदाराला कळले पाहिजे. आणि निवड समितीत बसणाऱ्याला ते खरेपणाने कसे सांगायचे, हे कळले पाहिजे. मी समाजशास्त्रात एम.ए. करून गेली काही वर्षे सोलापुरात सामाजिक कामात आहे आणि मुलाखत समित्यांवर बसते. म्हणून ज्या पदाची मला जवळून माहिती आहे, त्याच पदाचे उदाहरण घेऊन हा विषय मांडते.

पद काय आहे, ते आधी पाहू

एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात ‘टीआय’ प्रकल्प असतात. टीआय म्हणजे टार्गेटेड इंटरव्हेन्शन. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या निधीतून स्थानिक संस्था हे प्रकल्प चालवतात. देहविक्री करणाऱ्या महिला, तृतीयपंथी, स्थलांतरित मजूर, ट्रकचालक अशा गटांपर्यंत पोहोचणे हे त्यांचे काम. प्रकल्पात एक प्रकल्प व्यवस्थापक, एक समुपदेशक, हिशेब व अहवालाचे काम पाहणारी एक व्यक्ती, त्यांच्या खाली आउटरीच वर्कर आणि सर्वांत तळाशी पीअर एज्युकेटर अशी रचना असते. पीअर म्हणजे त्या गटातीलच साथी. साधारण साठ महिलांमागे एक पीअर आणि सुमारे अडीचशे महिलांमागे एक आउटरीच वर्कर असे प्रमाण धरले जाते.

या आउटरीच वर्करचा दिवस कसा जातो? सकाळी पीअर महिलांसोबत बसून कोणाकोणाला भेटायचे ते ठरवायचे. मग वस्ती, लॉज, स्टँडचा परिसर अशा ठिकाणी प्रत्यक्ष जायचे. कंडोम पोहोचवायचे. दर तीन महिन्यांनी होणारी आरोग्य तपासणी आणि दर सहा महिन्यांची एचआयव्ही चाचणी कोणाची राहिली आहे ते पाहायचे. जी यायला तयार नाही तिला समजावून, गरज पडली तर रिक्षात बसवून सिव्हिलला न्यायचे. संध्याकाळी यादीत नोंदी करायच्या. सगळे काम ओळखीवर आणि विश्वासावर चालते. चार शब्द कन्नड-तेलुगूचे येत असतील तर सोलापुरात त्याचा उपयोग पदव्युत्तर पदवीपेक्षा जास्त होतो.

पात्रता कमी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते उमेदवारांना सहसा कोणी सांगत नाही. हे पद शक्यतो त्या समुदायातील व्यक्तीला मिळावे अशी अपेक्षा असते. पाच-सात वर्षे पीअर म्हणून काम केलेल्या, आठवी-दहावीपर्यंत शिकून पुढे बाहेरून बारावी केलेल्या बाईला वर चढायला हीच एक पायरी असते. त्या पायरीवर एम.ए. झालेली व्यक्ती बसली, तर तिने नियम मोडला असे होत नाही. पण जिच्यासाठी ती पायरी बांधली, ती खालीच राहते.

म्हणजे ‘जास्त शिकलेला माणूस चालत नाही’ या वाक्याच्या पोटात प्रत्यक्षात तीन वेगवेगळी कारणे असतात. मानधन आणि मुदत परवडत नाही, हे पहिले. पुढची पायरी नाही, हे दुसरे. आणि पद दुसऱ्या कोणासाठी आहे, हे तिसरे. प्रामाणिकपणा म्हणजे ही कारणे सुटी करून सांगणे. तिन्ही एकत्र करून ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हटले की समोरच्याला काहीच कळत नाही आणि शिकल्याचीच शिक्षा मिळाली असे वाटते.

संस्थेला भीती कशाची वाटते?

संस्थेची भीती साधी असते. हा माणूस चार महिन्यांत निघून जाईल. कार्यालयातले पद असेल तर माणूस गेल्यावर दुसरा येतो आणि फाईल उघडतो. आउटरीच वर्कर गेला तर अडीचशे ओळखी जातात. नव्या माणसाला त्या महिला दार उघडत नाहीत. कोणी फोन नंबर बदललेला असतो, कोणी लॉज बदललेले असते. त्या महिन्यांत ज्यांची सहामाही चाचणी असते, त्यांतल्या काही निसटतात. त्यांच्यापैकी एखादी बाधित असेल तर तिचे औषधोपचार तितके लांबतात. ही भीती खोटी नाही.

पण या भीतीचा उपाय म्हणून पदवी पाहून अर्ज बाजूला ठेवणे चुकीचे आहे. कारण माणूस पदवीमुळे सोडून जात नाही. तो महिनाअखेर हिशेब जुळत नाही म्हणून, किंवा आपल्याला दिलेल्या कामात आपले शिक्षण कुठेच लागत नाही म्हणून सोडून जातो. या दोन्ही गोष्टी विचारता येतात आणि मोजताही येतात. बारावी शिकलेला माणूसही मानधन दोन महिने थकले तर जातोच. उलट एम.ए. झालेली, त्याच वस्तीत वाढलेली, घरी आई-वडिलांपाशी राहायचे आहे म्हणून सोलापूर न सोडणारी मुलगी पाच वर्षे टिकू शकते. म्हणून आधी विचारायचे, मग मत बनवायचे. हा क्रम उलटा झाला की मुलाखत हे फक्त नाटक उरते.

एक मुलाखत, पायरीपायरीने

माझ्या समोर आलेल्या दोन-तीन मुलाखती एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा रीतीने एक उदाहरण मांडते. उमेदवार मोहोळ तालुक्यातील, वय सत्तावीस, समाजशास्त्रात एम.ए. प्रथम श्रेणी. एका सर्वेक्षणात वर्षभर काम केल्याचा अनुभव. जाहिरातीत मानधन दरमहा ११,००० रुपये, करार अकरा महिन्यांचा.

पहिली पायरी ऐकण्याची. “इतकं शिकून इथे का आलात?” असा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्यात आधीच निकाल दिलेला असतो. त्याऐवजी विचारले, “या कामातलं तुम्हाला काय करावंसं वाटतं, आणि महिन्याला हातात किती आले तर तुमचं भागेल?” तिने सरळ सांगितले. लोकांशी बोलायला आवडते, मुलाखती घ्यायला आवडतात, सर्वेक्षणात ते जमले होते. धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे, घरी दरमहा किमान सहा हजार पाठवावे लागतील.

दुसरी पायरी हिशेबाची. तो तिच्यासमोरच, कागदावर मांडला. सोलापुरात दोघी-तिघींत मिळून खोली केली तर तिच्या वाट्याचे अडीच हजार. खाणावळीचे तीन हजार. फोन, जाणे-येणे, औषधपाणी मिळून दीड हजार. झाले सात हजार. अकरातून उरले चार हजार, घरी पाठवायचे सहा. म्हणजे दरमहा दोन हजारांची तूट. रोज मोहोळहून ये-जा करायची म्हटले तर खोलीभाडे वाचते, पण वस्तीतले काम संध्याकाळचे असते, सात-आठ वाजतात, आणि त्यानंतर स्टँड गाठून घरी पोहोचायचे. शिवाय निधीचा हप्ता उशिरा आला तर मानधनही उशिरा होते, हेही तिला त्याच वेळी सांगितले. हे सांगायला संस्थांना संकोच वाटतो. पण रुजू झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

इथे एक काळजी घ्यावी लागते. “मुलीला हे काम जमणार नाही, रात्रीचं फिरावं लागतं,” असे म्हणणे म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेणे. कामाची वेळ सांगणे आपले काम, जमेल की नाही ते ठरवणे तिचे. तसेच ‘तुम्हाला इथे कंटाळा येईल’ हेही आपण तिच्याविषयी केलेले भाकीत असते. त्यापेक्षा कामात काय आहे आणि काय नाही ते सांगावे.

तिसरी पायरी कारण सांगण्याची. ती साधारण अशी झाली :

“हे बघा, तुमच्यात काही कमी आहे म्हणून मी हे बोलत नाही. अडचण या पदाची आहे. एक तर पैशाचं गणित तुमच्यासमोरच आहे. दुसरं म्हणजे इथून वर जायला जागा नाही, समुपदेशकाचं पद वेगळ्या जाहिरातीने भरलं जातं, या पदावरून आपोआप बढती मिळत नाही. आणि तिसरं, आमच्याकडे सहा वर्षं पीअर म्हणून काम केलेल्या एक ताई या पदाला अर्ज करून बसल्यात. त्यांना त्या वस्तीतली प्रत्येक बाई ओळखते. या कामासाठी त्यांचं पारडं जड आहे, हे तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही.”

ती म्हणाली, “मॅडम, म्हणजे माझं एम.ए. नडलं असंच ना?”

“नाही. तुम्ही बारावीच असता तरी त्यांचं पारडं जड असतं. एम.ए. इथे उपयोगी पडत नाही एवढंच. जिथे पडतं, ते सांगते.”

हे उत्तर महत्त्वाचे आहे. कारण खरे आहे की नाही हे ओळखायची कसोटी त्यातच आहे : उमेदवाराचे शिक्षण कमी असते, तरी हे कारण लागू पडले असते का? पडले असते, तर ते कारण पदाचे आहे.

पर्याय सांगायचा तर पुरता सांगायचा

चौथी पायरी दुसऱ्या जागेची. बहुतेक वेळा इथे “तुम्हाला याहून चांगलं काहीतरी मिळेल” असे म्हणून पाठवणी होते. ऐकायला गोड, पण हातात काही नाही. पर्याय सांगणे म्हणजे पदाचे नाव, कार्यालय, पात्रतेची नेमकी अट, मानधन आणि शेवटची तारीख सांगणे. यातले जे आपल्याला माहीत नाही, ते कुठे कळेल ते सांगणे.

तिच्याबाबतीत पर्याय समुपदेशकाचा होता. सरकारी रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे असतात, बोलीभाषेत आपण त्यांना आयसीटीसी म्हणतो. तिथल्या समुपदेशक पदासाठी मानसशास्त्र आणि समाजकार्याबरोबर समाजशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही धरले जाते. ही गोष्ट समाजशास्त्राच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. समुपदेशक म्हटले की ते एमएसडब्ल्यूवाल्यांचे काम, असे समजून ते जाहिरात वाचतच नाहीत. त्या जाहिरातीतले मानधन २१,००० रुपये होते. काम दिवसाचे, रुग्णालयात बसून. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर माणसाशी बोलायचे, गरोदर मातांशी बोलायचे, बाधित आढळलेल्या व्यक्तीला एआरटी केंद्रापर्यंत पोहोचवायचे. मुलाखती घेण्याची तिची हातोटी इथे थेट कामाला येणार होती.

तिला एका कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. जाहिरात जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण कक्षात, म्हणजे ‘डापकू’त, आणि solapur.gov.in या जिल्ह्याच्या संकेतस्थळावरील भरतीच्या विभागात पाहायची. अर्ज करताना पदवीचे विषय गुणपत्रिकेवर जसे आहेत तसेच लिहायचे. सर्वेक्षणाच्या कामाचे अनुभव प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख घालून आणायचे. तारखा नसलेले प्रमाणपत्र छाननीत बाद होऊ शकते. आणि जातीच्या दाखल्याबरोबर लागणारी इतर कागदपत्रे आजच तपासून घ्यायची, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग लावायची नाही.

या पायरीलाही मर्यादा आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. “मी तिथे सांगून ठेवते” असे म्हणायचे नाही. एक तर ते खरे नसते. दुसरे म्हणजे निवड वशिल्याने होते असा चुकीचा समज आपणच पेरतो, आणि मग पैसे मागणाऱ्या दलालांचे फावते. आपण दार दाखवू शकतो, आत नेऊन बसवू शकत नाही. तिलाही हेच सांगितले की, तिथे एका जागेसाठी पुष्कळ अर्ज येतील, निवड होईलच असे नाही आणि निकालाला दोन-तीन महिने लागतील.

पाचवी आणि शेवटची पायरी निर्णय तिच्यावर सोपवण्याची. हे सर्व ऐकूनही ती म्हणू शकली असती, “मॅडम, मला आत्ता कामाची गरज आहे, मला यातच घ्या.” तसे ती म्हणालीच. अशा वेळी अर्ज फाडून टाकायचा अधिकार आपल्याला नसतो. ती पात्र आहे, तेव्हा तिला इतरांप्रमाणेच गुण द्यायचे, आणि त्या पदाला लागणाऱ्या गोष्टींवरच द्यायचे : वस्तीची ओळख, भाषा, संध्याकाळी काम करण्याची तयारी, यादी ठेवण्याची सवय. तसे गुण दिल्यावर पीअर ताई पहिल्या आल्या, ही दुसरी. दोघींनाही निकाल आणि त्याचे कारण त्याच आठवड्यात कळवले. पुढे समुपदेशकाच्या यादीत ही प्रतीक्षेत राहिली, काही महिन्यांनी जागा रिकामी झाल्यावर तिला बोलावणे आले. मधल्या काळात तिने एका सर्वेक्षणात फॉर्ममागे पैसे मिळतात तसे काम केले. सगळ्यांच्या बाबतीत इतकेही जमून येत नाही.

सबब कशी ओळखायची?

आता दुसरी बाजू. ‘ओव्हरक्वालिफाइड’ हा शब्द भेदभाव झाकायलाही सोयीचा असतो, कारण तो ऐकायला स्तुतीसारखा वाटतो. आपल्या तरुणांना येणारी शंका मनाचे खेळ नसतात, हे संशोधनातून पुढे आलेले आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण आणि अनुभव सारखा, फरक फक्त नावात. हा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाच्या उमेदवाराच्या तुलनेत दलित नावाच्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आढळली. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांत भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर लेख लिहिला. ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ असे सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानत होते, असे त्यात दिसते.

म्हणून कारण ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे.

पहिली म्हणजे, कारणात आकडा किंवा वस्तुस्थिती आहे का? ‘मानधन इतके, करार इतका, काम या वेळेत’ हे तपासता येते. ‘तुम्ही इथे रमणार नाही’, ‘आमच्या वातावरणात बसणार नाही’ हे तपासता येत नाही.

दुसरी, कारण कधी सांगितले? अपेक्षित मानधन आणि राहण्याची सोय विचारल्यानंतर ते आले, तर त्यामागे विचार आहे. आडनाव, गाव, ‘वस्ती कोणती’, ‘वडील काय करतात’ हे प्रश्न झाल्यावर अचानक शिक्षण जास्त वाटू लागले, तर शंका घ्यायला जागा आहे.

तिसरी, शेवटी निवड कोणाची झाली? तुम्हाला एम.ए. आहे म्हणून नाकारले आणि त्याच पदावर दुसरा एम.ए. झालेला घेतला, तर कारण खोटे होते. याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

शंका आली तर त्याच ठिकाणी वाद घालण्यात अर्थ नसतो. घरी येऊन एक साधा ईमेल करावा : अमुक तारखेला मुलाखत झाली, शिक्षण जास्त असल्याचे कारण सांगण्यात आले, कृपया लेखी कळवावे. खरे कारण असलेली संस्था उत्तर देते. सरकारी कार्यालय असेल तर माहिती अधिकारात निवड यादी, गुण आणि निकष मागता येतात. खासगी कंपनीला हा कायदा थेट लागू होत नाही, तिथे आपल्या हाती आपला ईमेल आणि त्याचे उत्तर एवढेच राहते. तरी ते जपून ठेवावे.

मग एम.ए. लपवावे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. “ताई, बायोडाट्यातून एम.ए. काढून टाकू का?” सरकारी आणि बँकेच्या नोकरीबाबत याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून मिळते.

पहिला निकाल आपल्या नागपूरचा, इ.स. २००० मधला. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील शिपाई पदांच्या भरतीत, किमान पात्रतेपेक्षा जास्त शिकलेल्या उमेदवारांना विचारातच घेतले गेले नव्हते. मोहम्मद रियाझुल उस्मान गनी आणि इतर उमेदवार सर्वोच्च न्यायालयात गेले. केवळ जास्त शिक्षण आहे म्हणून उमेदवाराचा विचारच न करणे तर्कसंगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण हे त्या प्रकरणातील वस्तुस्थितीपुरते आहे, सर्वत्र लागू होणारा नियम नव्हे, असेही तिथेच स्पष्ट केले.

दुसरा निकाल ३ नोव्हेंबर २०२० चा, पंजाब नॅशनल बँक विरुद्ध अनित कुमार दास. बँकेच्या शिपाई पदाच्या जाहिरातीतच अट होती की उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, पदवीधर नसावा. उमेदवार पदवीधर होता आणि त्याने अर्जात ते सांगितले नाही. निवड झाल्यावर उघड झाले आणि बँकेने त्याला कामावर घेतले नाही. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पात्रता ठरवणे हे नोकरी देणाऱ्याचे काम आहे, आणि माहिती दडवणाऱ्या उमेदवाराला नोकरीचा हक्क सांगता येत नाही, असा त्याचा आशय आहे.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की व्यवहारातली गोष्ट स्पष्ट होते. जाहिरात शेवटपर्यंत वाचा. शिक्षणाची कमाल मर्यादा लिहिलेली असेल तर ती अट खरी आहे. अन्याय वाटत असेल तर अर्ज करतानाच त्या अटीला आव्हान द्यायचे असते, पदवी दडवून आत शिरायचे नसते. मर्यादा लिहिलेली नसेल, तर सर्व शिक्षण लिहा आणि विचार करण्याचा आग्रह धरा. खासगी संस्थेतही लपवलेली पदवी नंतर बाहेर आली, तर कामावरून काढायला आयते कारण मिळते. बायोडाट्यात त्या पदाला लागणारा अनुभव वर आणि एम.ए. खाली लिहायला मात्र काहीच हरकत नाही. क्रम बदलणे म्हणजे लपवणे नव्हे.

निवड करणाऱ्या आपल्याच मंडळींसाठी

आज आपल्या समाजातील अनेक जण संस्था चालवतात, वसतिगृहे, अभ्यासिका, बचत गटांचे महासंघ चालवतात आणि माणसे नेमतात. त्यांच्यापुढे बसणारा उमेदवार बहुतेकदा आपलाच असतो आणि ओळखीचाही असतो. ओळखीमुळे खरे कारण सांगणे अधिक अवघड जाते. “बघतो, कळवतो” म्हणून वेळ मारून नेली जाते आणि पोरगं तीन महिने फोनची वाट पाहत दुसरीकडे अर्ज करत नाही. नकारापेक्षा या वाट पाहण्यात त्याचे जास्त नुकसान होते.

यातला बराचसा त्रास जाहिरातीतच टाळता येतो. मानधनाचा नेमका आकडा लिहा, ‘योग्यतेनुसार’ असे लिहू नका. करार किती महिन्यांचा, कामाची वेळ काय, पुढे बढती आहे की नाही ते लिहा. पद एखाद्या समुदायातील व्यक्तीसाठी असेल तर ‘प्राधान्य’ कोणाला ते उघड लिहा. आणि एक ओळ जोडा : ‘पदव्युत्तर उमेदवारांनी अर्ज करण्यापूर्वी कामाच्या स्वरूपाविषयी फोनवर विचारून घ्यावे.’ पाच मिनिटांच्या त्या फोनवर हे सगळे बोलणे होऊ शकते. म्हणजे मोहोळ किंवा मंगळवेढ्याहून एस.टी.चे भाडे खर्चून, अर्धा दिवस बाहेर बाकावर बसून, शेवटी एक इंग्रजी शब्द ऐकून परत जाण्याची वेळ कोणावर येणार नाही.